देगेचे झाकण आणि थंबनेलचे इमान

आपल्या समाजातील बावर्ची, बेकरीवाले, मसाला विक्रेते आणि घरून ऑर्डर घेणाऱ्या भगिनी यांपैकी अनेकांनी अलीकडच्या काळात युट्यूबवर स्वयंपाकाचे चॅनेल सुरू केले आहे. हा केवळ शौक राहिलेला नाही. व्हिडिओ पाहून वलिम्याच्या देगेची ऑर्डर येते, मसाल्याची पाकिटे परगावी जातात, रमजानात नानखटाईचे डबे बांधले जातात. म्हणजे हे चॅनेल दुकानच झाले, आणि दुकान म्हटले की दर्शनी भागाचा प्रश्न आलाच. हा दर्शनी भाग म्हणजे थंबनेल, व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दिसणारे ते लहानसे चित्र. आज आम्ही त्याच्याविषयी लिहिणार आहोत, कारण याच जागी आमच्या अनेक बांधवांचा धंदा अडतो आणि याच जागी काहींचे इमानही घसरते.

आंब्याची पेटी घेणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. वरच्या थरात मोठे, पिवळेधमक फळ आणि खाली गवतात दडवलेले बारीक, डागी फळ, ही युक्ती एकदाच चालते. पुढच्या वर्षी तो गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातो, आणि चार लोकांना सांगून जातो. थंबनेलचे अगदी असेच आहे, फरक इतकाच की येथे गिऱ्हाईक पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही, पहिल्या अर्ध्या मिनिटातच उठून जातो. आणि तो उठून गेल्याची नोंद युट्यूबच्या वहीत होते.

या वहीत काय लिहिले जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे. चॅनेलच्या स्टुडिओत Impressions click-through rate नावाचा एक आकडा दिसतो. थंबनेल शंभर वेळा लोकांच्या नजरेसमोर आले, तर त्यातून किती वेळा व्हिडिओ उघडला गेला, एवढेच तो सांगतो. युट्यूबने स्वतः दिलेल्या माहितीप्रमाणे निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. आमचे बांधव हा एकच आकडा पाहतात आणि तो वाढवण्यासाठी वाटेल ते करतात. पण युट्यूबने २०१२ मध्येच आपला हिशेब बदलला. त्याआधी व्हिडिओ किती वेळा उघडला याला मोठे महत्त्व होते. तेव्हापासून तो किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व आले.

हिशेब मांडून पाहू. समजा, एकाच व्हिडिओची दोन थंबनेले आहेत आणि प्रत्येक १०,००० वेळा लोकांना दिसले. पहिले साधे आणि खरे आहे. त्यावर ४ टक्के लोकांनी बोट लावले, म्हणजे ४०० जण आले, आणि प्रत्येकाने सरासरी ४ मिनिटे पाहिले. एकूण १,६०० मिनिटे झाली. दुसरे भडक आहे, त्यात व्हिडिओत नसलेले ताट दाखवले आहे. त्यावर ८ टक्के लोक आले, म्हणजे ८०० जण, पण फसवणूक लक्षात येताच ते सरासरी दीड मिनिटात निघून गेले. एकूण १,२०० मिनिटे. दुप्पट गर्दी जमवूनही दुसऱ्या दुकानाचा गल्ला पहिल्यापेक्षा कमी भरला. शिवाय ज्या आठशे लोकांनी दार ढकलले, त्यांतील बरेच जण पुढच्या वेळी त्या चॅनेलचे नाव पाहून पुढे सरकतील. हे नुकसान कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

मात्र येथे एक दुसरी चूकही होते. ‘आम्ही खरे तेच दाखवतो’ असे म्हणणारे काही बांधव थंबनेलकडे पाहतच नाहीत. व्हिडिओ चढवल्यावर युट्यूब त्यातून आपोआप काही क्षणचित्रे काढून समोर ठेवते, त्यातले एखादे निवडून ते मोकळे होतात. त्या चित्रात कधी हललेला झारा असतो, कधी अर्धे डोळे मिटलेला चेहरा, कधी नुसते बंद झाकण. चित्र खोटे नाही हे मान्य, पण ते काही सांगतही नाही. ज्या दुकानदाराने चांगला माल मागच्या खोलीत ठेवून दर्शनी भागात रिकामी खोकी मांडली, त्याला गिऱ्हाईक न आल्याची तक्रार करता येणार नाही. स्वतःचे चित्र लावण्यासाठी चॅनेलच्या खात्याला फोन नंबर जोडून त्याची एकदा खातरजमा करून द्यावी लागते. ज्यांनी हेही केलेले नाही, त्यांनी ते आजच करावे.

तर मग खरे असून बोलके थंबनेल कसे होते? आपण दम बिर्याणीचेच उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त खोटी चित्रे आम्हाला या एका पदार्थाचीच दिसतात, आणि त्याला एक कारणही आहे.

समजा, व्हिडिओ एक किलो मटणाच्या कच्च्या दम बिर्याणीचा आहे. मटण दही, कच्ची पपई, मसाला आणि बिरिस्ता लावून चार तास मुरवले. एक किलो बासमती मिठाच्या पाण्यात कच्चट ठेवून उकडला. पातेल्यात खाली मटण, वर भात, त्यावर दुधात भिजवलेले केशर आणि तूप. कणकेने झाकण बंद करून आधी मोठ्या आंचेवर आणि मग तव्यावर ठेवून एकूण तासभर दम दिला. आता झाकण उघडले. काय दिसते? वरून फक्त भात दिसतो, काही पांढरा, काही केशरी, त्यावर थोडा कांदा. मटण सगळे तळाशी. या पदार्थाची सगळी करामत दृष्टीआड असते, आणि येथेच मोह होतो. कोणी दुसऱ्या भांड्यात शिजवलेल्या चार मोठ्या बोट्या वर रचतो, कोणी हॉटेलच्या ताटाचे चित्र कुठून तरी उचलतो, कोणी फोनमध्ये भाताचा रंग इतका चढवतो की केशराऐवजी शेंदूर वाटावा.

आमचे म्हणणे असे की, व्हिडिओ उघडणाऱ्या बाईला किंवा बावर्चीला वरचा थर पाहायचाच नसतो. त्याच्या मनात दोनच शंका असतात: दाणा मोकळा राहतो का, आणि कच्चे मटण तळाशी न करपता शिजते का? या दोन शंकांचे उत्तर पातेल्याच्या उभ्या कापात आहे. झारा किंवा रकाबी एका कडेने सरळ तळापर्यंत घालावी आणि एक भाग अलगद उचलावा. मग वर पांढरा दाणा, मध्ये केशरी, खाली मसाल्यात लपेटलेली बोटी आणि तिच्यावरचे तूप, सगळे थर एका नजरेत दिसतात. हेच थंबनेल. यात एकही गोष्ट बाहेरून आणलेली नाही, आणि तरीही भडक चित्रापेक्षा हे अधिक खेचते, कारण ज्याला बिर्याणी करायची आहे त्याच्या नेमक्या प्रश्नाला ते हात घालते.

प्रत्येक पदार्थाचा असा एक पुरावा असतो, तो शोधणे हे थंबनेलचे पहिले काम. नानखटाईचा पुरावा तिच्या माथ्यावरच्या भेगांत आणि तोडल्यावर दिसणाऱ्या भुसभुशीत पोतात आहे. कबाबाचा पुरावा अखंड कबाबात नाही, तो मोडल्यावर आत ओलावा आहे की नाही यात आहे. समोशाचा पुरावा पापुद्र्यात आहे. शीरखुर्म्याचा पुरावा चमच्यावरून तो कसा ओघळतो यात आहे. सजवलेल्या ताटाचे चित्र सगळ्यांचे सारखेच असते. मोडलेल्या, उघडलेल्या, ओघळणाऱ्या पदार्थाचे चित्र मात्र ज्याने खरोखर केला त्याचेच असते.

आता हे चित्र घ्यायचे कसे, ते पाहू. सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. झाकण उघडल्यानंतर वाफ थोडाच वेळ टिकते. दहा-पंधरा मिनिटांत दाण्यावरची चमक जाते, मटणावरचे तूप गोठून पांढुरके दिसू लागते. म्हणून थंबनेलची तयारी झाकण उघडण्याआधी झाली पाहिजे, शूटिंग आटोपल्यावर नव्हे. पातेले खिडकीजवळ न्यावे, उजेड पाठीमागून किंवा बाजूने यावा आणि पातेल्यामागे गडद रंगाचा पडदा किंवा भिंत असावी. वाफ गडद पार्श्वभूमीवरच दिसते, पांढऱ्या टाइल्सपुढे ती हरवते. वरचा पिवळा बल्ब बंद करावा, कारण त्याच्या उजेडात पांढरा भातही पिवळा दिसतो आणि मग केशरी दाणा वेगळा ओळखू येत नाही.

फोन पातेल्याच्या थेट वर धरू नये. वाफेने भिंग धुकट होते आणि सगळे चित्र दुधात बुडाल्यासारखे येते. बाजूने, साधारण तिरक्या कोनात, आडवा फोन धरावा. फडताळातून काढल्यावर भिंग स्वच्छ कापडाने पुसावे, स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात हमखास लागलेला असतो. पडद्यावर भाताच्या जागी बोट टेकवून उजेड किंचित कमी करावा, म्हणजे पांढरे दाणे एकजीव पांढऱ्या ठिपक्यासारखे न दिसता सुटे दिसतील. आणि झारा उचलल्यावर तीन सेकंद हात स्थिर ठेवावा. चालत्या व्हिडिओतून काढलेले चित्र बहुधा हललेले निघते. दुसरा फोन असेल तर त्याने त्याच क्षणी वेगळा फोटो घेतलेला उत्तम. पातेले तेच, झारा तोच, क्षण तोच, त्यामुळे सचोटीला बाधा येत नाही.

चित्राचे माप १२८० बाय ७२० पिक्सेलपेक्षा कमी नसावे, रुंदी-उंचीचे प्रमाण १६ ला ९. पण खरे माप वेगळेच आहे. थंबनेल म्हणजे अंगठ्याचे नख, नावातच आकार सांगितलेला आहे. संगणकावर मोठे करून पाहिलेले चित्र सुंदर वाटते, पण गिऱ्हाईक ते फोनवर, सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीत, दोन-तीन बोटे रुंदीचे पाहणार आहे. म्हणून तयार चित्र तेवढेच लहान करून हातभर अंतरावरून पाहावे. बिर्याणी की पुलाव, हे एका नजरेत कळले नाही तर चित्रात गर्दी झाली आहे. कोथिंबिरीची वाटी, लिंबाच्या फोडी, रायता, नक्षीचा दस्तरखान, हे सगळे काढून टाकावे आणि उचललेला तो एक भाग चित्राच्या निम्म्याहून अधिक जागेत येईल इतका जवळ आणावा.

अक्षरांच्या बाबतीत आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान पडते. जोडाक्षरे तर लहान आकारात काळी गाठ होऊन बसतात. यावर उपाय एकच, शब्द कमी करणे. तीन-चार शब्द, जाड वळणाचे, एका गडद पट्ट्यावर. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात काहीही लिहू नये, तेथे युट्यूब व्हिडिओच्या लांबीचा आकडा चिकटवते आणि आपला शब्द झाकला जातो.

शब्द कोणते निवडावेत? शीर्षकात ‘कच्ची दम बिर्याणी’ लिहिलेच आहे, ते पुन्हा चित्रावर लिहिणे म्हणजे जागा वाया घालवणे. दाणा मोकळा आहे हे चित्र स्वतः सांगते. जे चित्राला सांगता येत नाही तेच शब्दांनी सांगावे. आमच्या उदाहरणात ते असे: ‘१ किलो, घरच्या गॅसवर’. ही माहिती खरी आहे, व्हिडिओत दिसते, आणि देग-चूल नसलेल्या घरातील भगिनीला तीच हवी आहे. याउलट ‘फक्त १ तासात’ असे लिहिले तर दमाचा तास खरा असला तरी मुरवण्याचे चार तास लपवले गेले. संध्याकाळी सहाला मटण आणून आठला पाहुण्यांना वाढू पाहणाऱ्या घरात त्या एका ओळीने काय होईल, याचा विचार करावा. कच्चे राहिलेले एक किलो मटण आणि तिची गेलेली अब्रू, हे आपल्या क्लिकचे मोल ठरते. निम्मे खरे सांगून फसवणे ही बाजारातली जुनी खोड आहे, तिला नव्या पडद्यावर जागा देऊ नये.

सजावट कोठे संपते आणि फसवणूक कोठे सुरू होते, असा प्रश्न आम्हाला काही बांधवांनी विचारला आहे. आमची कसोटी सोपी आहे. थंबनेलमधील प्रत्येक वस्तूवर बोट ठेवावे आणि विचारावे, ही व्हिडिओत कितव्या मिनिटाला आहे? मिनिट सांगता आले तर ती ठेवावी, नाही तर काढावी. पातेल्याची कड पुसणे, चांगला कोन निवडणे, उजेड सुधारणे, चित्र जवळ आणणे यांत काहीही गैर नाही. मिठाईवालाही थाळी नीट मांडतो. पण व्हिडिओतील मसाल्यात तेल मोजून दोन पळ्या घातले आणि चित्रात वर बोटभर तर्री चढवली, व्हिडिओ अर्ध्या किलोचा आणि चित्रात पन्नास माणसांची देग, काश्मिरी मिरचीने जो रंग येतच नाही तो फोनमध्ये ओढून आणला, तर ती पेटीतली वरची फळे झाली. रंगाच्या बाबतीत एक व्यवहारी खूण सांगतो. चित्र आणि व्हिडिओतील तोच क्षण शेजारी ठेवून पाहावा. घरातल्या दुसऱ्या माणसाला हे एकच पातेले आहे हे न सांगता कळले पाहिजे.

थंबनेल आणि व्हिडिओ यांची गाठ पडली की नाही, हे स्टुडिओतील दुसऱ्या एका तक्त्यावरून ओळखता येते. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले, ते तेथे दिसते. उघडण्याचा टक्का चांगला आणि तीस सेकंदांत कडा कोसळल्यासारखी उतरती रेघ, असे असेल तर दोनच कारणे संभवतात. एक तर चित्राने नसलेले वचन दिले, किंवा वचन खरे असूनही व्हिडिओने ते दाखवायला उशीर लावला. दुसऱ्याचा इलाज सोपा आहे. सलाम-दुआ आणि चॅनेलची जाहिरात आटोपशीर ठेवून पहिल्या दहा सेकंदांतच झारा उचलण्याचा तो क्षण दाखवावा, म्हणजे आलेल्या माणसाची खात्री पटते, आणि मग मटण मुरवण्यापासून सुरुवात करावी. उघडण्याचा टक्का आधी जास्त असून नंतर घसरला, तर मात्र घाबरू नये. सुरुवातीला आपले नेहमीचे लोक पाहतात, पुढे तो व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवला जातो तेव्हा टक्का उतरणे साहजिक आहे.

२०२४ पासून संगणकावरील स्टुडिओत थंबनेले ताडून पाहण्याची सोय मिळू लागली आहे. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेले लावता येतात, युट्यूब ती वेगवेगळ्या लोकांना दाखवते आणि कोणते सरस ठरले ते सांगते. हा निकाल क्लिकवर लागत नाही, कोणत्या चित्रामुळे लोकांनी अधिक वेळ पाहिले यावर लागतो. आमच्या बिर्याणीसाठी उचललेला थर, झाकण उघडताना निघालेली वाफ आणि रकाबीत वाढलेला वाटा, अशी तीन चित्रे लावावीत. तिन्ही खरी असावीत. म्हणजे कोणतेही जिंकले तरी आपले इमान हरणार नाही.

‘सगळेच फुगवून दाखवतात, आपण एकट्यानेच खरे दाखवले तर उपाशी मरू’ असा युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो. त्यांनी हे लक्षात घ्यावे की दिशाभूल करणारे थंबनेल युट्यूबच्या नियमांतही बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने भारतासाठी वेगळे निवेदन काढून, शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये एक आणि व्हिडिओत दुसरेच असणाऱ्या चित्रफितींवर कारवाईचा इरादा जाहीर केला. तिचा मुख्य रोख बातम्या आणि ताज्या घडामोडींच्या व्हिडिओंवर होता, स्वयंपाकाच्या चॅनेलांवर नव्हता, हेही खरे. म्हणून आम्ही नियमाचा धाक फारसा दाखवत नाही. आमचा भर व्यवहारावर आहे. फुगवलेल्या चित्राने नुसते पाहणारे मिळतील. तुमच्या पाकिटातला मसाला विकत घेणारा किंवा लेकीच्या लग्नाची देग तुमच्यावर सोपवणारा माणूस मात्र आधी तुमचा एखादा पदार्थ घरी करून पाहतो. त्याच्या पातेल्यात तो तसाच उतरला, तर ऑर्डर येते. उतरला नाही, तर तो तक्रारसुद्धा करत नाही, फक्त पुन्हा येत नाही.

तेव्हा पुढच्या व्हिडिओच्या वेळी झाकणाची कणीक फोडण्याआधी क्षणभर थांबावे. खिडकी उघडी आहे का, भिंग पुसले आहे का, झारा हाताशी आहे का, एवढे पाहावे. मग पातेल्यात जे उतरले असेल तेच उचलून दाखवावे. ते दाखवण्याजोगे नसेल, तर त्या दिवशी दुरुस्ती थंबनेलमध्ये करू नये. दम कोठे कमी पडला ते शोधावे आणि बिर्याणी पुन्हा लावावी.